इरकलीच्या शीर्षकात आधी काय लिहायचं? कापड, वीण, रंग की प्रसंग (१९ पैकी ७ साड्या परत आल्यात)

मधुरा_वस्त्र · सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार सगळ्यांना. मी गेल्या दिवाळीपासून हातमागाच्या इरकली ऑनलाइन विकतेय, इळकलचे एक विणकर काका आहेत त्यांच्याकडून थेट आणते, पाच-सहा रंग असतात, मधे दलाल वगैरे कोणी नाही. साडी चांगली आहे हो, हातात घेतली की कळतं. पण या हिरव्या साडीच्या १९ ऑर्डर गेल्या आणि त्यातल्या ७ परत आल्या. कारण काय लिहिलंय तर "वर्णनाप्रमाणे नाही". फोटो मी स्वतः काढलेत, दिवसाच्या उजेडात, फिल्टर लावलेला नाही, त्यामुळे फोटोचा दोष वाटत नाही. एका गिऱ्हाइकाने मेसेज केला होता की शीर्षकात एक आणि पाकिटात एक. म्हणून शीर्षक इथे टाकतेय, जसंच्या तसं:

```
Beautiful Traditional Festive Wedding Wear Pure Silk Cotton Handloom Irkal Saree Green Red Pallu With Blouse
```

प्रश्न एवढाच की यातला क्रम कसा असायला हवा? कोणी म्हणतं कापड पहिलं, कोणी म्हणतं रंग पहिला, आणि एका व्हिडिओत सांगितलं होतं की प्रसंग पहिला टाका कारण लोक लग्नाची साडी असंच शोधतात, ते ऐकूनच मी असं केलं होतं.

कॅटलॉग_काका · सोमवार, रात्री ११:०५

मधुराताई, कपड्यांच्या लिस्टिंगचं काम मी नऊ वर्षं करतोय, त्यामुळे आधी एक करून बघा. तुमच्या शीर्षकाची पहिली ६० अक्षरं कापून वेगळी काढा, स्पेस धरून. मोबाइलवर साड्यांची यादी दिसते तेव्हा साधारण तेवढंच दिसतं, फोनप्रमाणे आणि अॅपप्रमाणे थोडं कमीजास्त. तुमचं असं दिसतंय:

```
Beautiful Traditional Festive Wedding Wear Pure Silk Cotton
```

यात इरकल नाही, हातमाग नाही, रंग नाही, आणि साडी हा शब्दसुद्धा नाही! हे कुडत्याचं कापड असू शकतं, ओढणी असू शकते. पहिली तीस अक्षरं ब्यूटिफुल, ट्रॅडिशनल आणि फेस्टिव्हमध्ये संपली. ब्यूटिफुल असं कोणी शोधत नाही आणि ट्रॅडिशनल तर प्रत्येक साडीवर लिहिलेलं असतं.

माझा क्रम ठरलेला आहे. आधी साडी ज्या नावाने ओळखतात ते नाव, मग हातमाग, मग अंगाचं कापड, मग साडी हा शब्द, मग अंगाचा रंग, आणि प्रसंग सगळ्यात शेवटी. प्रत्येक जागेला कारण आहे, उद्या सविस्तर लिहितो. तोवर मला एक सांगा, या साडीत सिल्क नेमकं कुठे आहे?

शॉपकीपर_रोहन · सोमवार, रात्री ११:३१

काकांशी पूर्ण सहमत नाही. मटेरियल पहिलंच हवं. मी कॉटन साड्या विकतो, कॉटन साडी हे सर्च इरकलपेक्षा कितीतरी जास्त आहे, आपल्या सर्च टर्म रिपोर्टमध्ये दिसतं. आणि लोक फिल्टर पण मटेरियलवरच लावतात. त्यामुळे असं करा:

```
Cotton Silk Handloom Saree for Women Wedding Festive Green Irkal
```

नऊवारी_प्रेमी · मंगळवार, सकाळी ७:४८

इरकलीचा विषय निघाला म्हणून विचारते, नऊवारी इरकल कुठे मिळेल? माझ्या सासूबाईंना आयुष्यभर तीच लागायची, आता ऑनलाइन बघावं तर फोटोत नऊवारी नेसलेली बाई असते आणि येते साडेपाच मीटर. मागच्या वर्षी दोनदा फसले. शीर्षकात ट्रॅडिशनल लिहिलं होतं म्हणून मला वाटलं नऊवारीच असणार.

कॅटलॉग_काका · मंगळवार, सकाळी ९:२०

नऊवारी_प्रेमी काकू, साडी कुठे मिळेल ते मधुराताईच सांगतील, पण तुमची तक्रार याच धाग्यातली आहे. लांबी नेहमीची असेल तर शीर्षकात तिला जागा द्यायची गरज नाही, ती खालच्या तपशिलात भरायची. नऊवारी असेल तर मात्र तो शब्द साडीच्या अगदी आधी आलाच पाहिजे, कारण वस्तूच बदलली. ट्रॅडिशनल या शब्दाने तुम्ही फसलात, कारण त्याचा अर्थ ज्याला जो हवा तो तो घेतो.

रोहन, तुझं अर्धं बरोबर आहे. फिल्टरवाला मुद्दा बघ. फिल्टर शीर्षकातून चालत नाही, लिस्टिंग भरताना खाली मटेरियलचा वेगळा रकाना असतो त्यावर चालतो. तिथे कॉटन निवडलं की शीर्षकात तो शब्द दहावा असला तरी साडी त्या फिल्टरमध्ये येते. रंगाचं आणि प्रसंगाचंही तेच, त्यांचेही रकाने आहेत. म्हणजे शीर्षकावर फिल्टरचं ओझं नाहीच. बोटाने भराभर खाली सरकवणाऱ्या माणसाला दोन सेकंदात कळायला हवं की ही कुठली साडी आहे, शीर्षकाचं खरं काम ते.

सर्चचं म्हणशील तर कॉटन साडी टाकणारे खूप असतात हे मान्य, पण त्यांच्यासमोर हजारो साड्या येतात आणि त्यात मधुराताईंची दिसणारच नाही. इरकल टाकणारा माणूस संख्येने कमी, पण त्याला इरकलच हवी असते. जो शब्द सगळ्यात जास्त साड्या बाजूला करतो तो पहिला. तुझ्या साड्यांना नाव नाही, साध्या कॉटन आहेत, त्यामुळे तुझ्याकडे कॉटन पहिलं हे बरोबरच आहे. तिच्या साडीला नाव आहे.

शॉपकीपर_रोहन · मंगळवार, सकाळी ९:५२

फिल्टरचं पटलं. सर्चचं अजून पूर्ण पटलेलं नाही, माझ्याकडे दोन माहेश्वरी आहेत त्यावर करून बघतो मग बोलू.

विणकराची_लेक · मंगळवार, दुपारी १:१५

आमच्या घरात तीन पिढ्या माग आहे, इरकलचाच. काकांनी विचारलेला प्रश्न कोणी पुढे नेला नाही म्हणून मी विचारते. मधुराताई, सिल्क कुठे आहे? तुमच्या शीर्षकात प्युअर सिल्क कॉटन असं लागून लिहिलंय, वाचणारा त्याचा अर्थ प्युअर सिल्क असाच घेणार, पुढचं कॉटन त्याच्या डोक्यात जाणारच नाही.

इरकलमध्ये अंग, काठ आणि पदर यांचं सूत एकच असतं असं नाही. नेहमीच्या इरकलीत अंग सुती असतं, आणि काठ-पदर चमकदार असतात ते बऱ्याचदा आर्ट सिल्कचे, म्हणजे रेशमासारखं दिसणारं व्हिस्कोस. काही विणकर खरं रेशीम घालतात, त्या साडीचा भाव वेगळा असतो. अंगसुद्धा रेशमाचं असलेल्या येतात. तिन्हींना इरकलच म्हणतात. त्यामुळे नुसतं इरकल लिहून कापड कळत नाही, आणि तुम्ही कापड लिहिलंय ते पदराचं आहे की अंगाचं ते कळत नाही. विणकर काकांनी तुम्हाला नक्की काय सांगितलं होतं?

मधुरा_वस्त्र · मंगळवार, दुपारी २:४०

ते म्हणाले होते अंग सुती आणि पदर रेशमी. मी त्यावरूनच सिल्क कॉटन लिहिलं. प्युअर मी घातलं, कारण भेसळ नाही असं म्हणायचं होतं मला.

विणकराची_लेक · मंगळवार, दुपारी ३:०२

आमच्याकडे बोलताना चमकणाऱ्या पदराला सगळेच रेशमी म्हणतात, त्यात फसवायचा हेतू नसतो, दिसायला रेशमासारखं म्हणून रेशमी. त्यामुळे काकांना दोष देऊ नका पण एकदा तपासून घ्या. परत आलेल्या साड्यांपैकी एक घ्या. पदराच्या टोकाला दशा असतात ना मोकळ्या, त्यातले चार-पाच धागे कापा, पिळून एक करा, चिमट्यात धरा आणि बेसिनवर काडी लावा. खरं रेशीम हळू जळतं, केस जळल्यासारखा वास येतो, आणि टोकाला काळी गोळी होते ती बोटाने चुरडली की भुगा होतो. व्हिस्कोस कागदासारखं भर्रकन पेटतं, वासही जळक्या कागदाचा, राख हलकी करडी. प्लॅस्टिकसारखं वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर.

आणि अंगाचंही करा. ब्लाउज पीसच्या कापलेल्या कडेतून एक उभा धागा आणि एक आडवा धागा वेगवेगळा काढून जाळा, कारण उभं सुती आणि आडवं दुसरंच काही असं असू शकतं. दोन्ही एकत्र जाळलेत तर काही कळणार नाही.

अनघा_प · मंगळवार, दुपारी ४:२०

मी विकत नाही, घेते, भरपूर घेते, म्हणून गिऱ्हाइकाच्या बाजूने. मधुराच्या शीर्षकावरून मी ही साडी घेतली असती तर दोन गोष्टींनी चिडले असते. एक तर सिल्क. दुसरं म्हणजे Green Red Pallu, हे वाचून मला कळतच नाही की साडी हिरवी-लाल आहे का, पदर हिरवा-लाल आहे का, का साडी हिरवी आणि पदर लाल. आणि शेवटी With Blouse लिहिलंय, मी शिवलेला ब्लाउज येणार असं समजले असते, माझ्या बहिणीच्या बाबतीत असं झालंय.

कॅटलॉग_काका · मंगळवार, रात्री ९:१०

अनघाताईंनी नेमकं पकडलं. शीर्षकात व्याकरण नसतं, क्रियापद नाही, विभक्ती नाही, त्यामुळे कुठला शब्द कशाला चिकटतो हे फक्त शेजारावरून ठरतं. Pure च्या शेजारी Silk आलं, तो अर्थ लागला. Green च्या शेजारी Red आला, तो अर्थ लागला. म्हणून क्रमाइतकंच शेजार सांभाळायचा.

रंगाबद्दल माझा नियम असा की शीर्षकात एकच रंग, अंगाचा, आणि तो साडी या शब्दाला लागून. इरकलीचा पदर लालच असणार हे इरकल घेणाऱ्याला माहीत असतं. तुम्ही Red घातलात की लाल साडी शोधणाऱ्या बायकांना ही हिरवी साडी दिसायला लागते, त्या क्लिक करतात आणि निघून जातात, क्वचित घाईत घेतात आणि परत पाठवतात. पदराचा रंग खाली पहिल्या मुद्द्यात लिहा.

दुसरं म्हणजे रंगाचं नाव. विणकर मोरपंखी म्हणेल, आपण आमसुली म्हणू, डाळिंबी म्हणू, पण मार्केटप्लेसच्या रंगाच्या यादीत हे नसतं आणि शोधणाराही बहुतेक वेळा हिरवा, लाल असंच टाकतो. म्हणून मूळ रंगाचं नाव शीर्षकात असलंच पाहिजे, त्याच्या आधी एक शब्द छटेचा चालेल. Bottle Green चालेल, नुसतं Bottle नाही आणि नुसतं Morpankhi तर नाहीच.

धागादोरा · मंगळवार, रात्री ९:४४

काका, धूपछाव साडीचं काय करायचं? माझ्याकडे उभा धागा हिरवा आणि आडवा मरून अशा साड्या आहेत. फोटोत मरून दिसते, नेसली की घडीवर हिरवी झाक मारते. मी मरून लिहिलं तर तक्रार येते की हिरवी आहे, हिरवी लिहिलं तर उलट.

कॅटलॉग_काका · मंगळवार, रात्री १०:०३

ही एकच जागा जिथे मी दोन रंग शीर्षकात घालतो. पण नुसते दोन रंग शेजारी टाकले तर अंग एक आणि काठ दुसरा असं वाटतं, म्हणून पुढे Dual Tone हे शब्द येऊ देतो. जो रंग सपाट पसरलेल्या साडीत जास्त दिसतो तो पहिला आणि रंगाच्या रकान्यातही तोच. आणि एक फोटो घडी घातलेला, तिरका. एवढं करूनही काही परत येतील, त्याला इलाज मला सापडलेला नाही.

मधुरा_वस्त्र · बुधवार, सकाळी ११:३०

केलं. पदराच्या दशांचे धागे भर्रकन पेटले आणि वास सरळ कागदाचा. तीन वेळा केलं, दुसऱ्या साडीचंही केलं. अंगाचे उभे आणि आडवे दोन्ही धागे सुती निघाले, तेही कागदासारखेच जळतात पण हातालाच कळतंय की ते कॉटन आहे, चमक अजिबात नाही. म्हणजे या साडीत रेशीम नाहीच आहे. आणि मी आठ महिने प्युअर सिल्क लिहून विकतेय. मला खूप वाईट वाटतंय, ज्या बारा जणींनी साडी ठेवून घेतली त्यांना मी आज मेसेज करतेय, ज्यांना परत करायची असेल त्यांची परत घेईन. विणकर काकांना फोन केला, ते म्हणाले हो बाळा चमक्याचाच पदर आहे, रेशमाचा हवा तर सांग, वेगळा करून देतो.

आता मला शीर्षकात Art Silk लिहावं लागेल का?

विणकराची_लेक · बुधवार, दुपारी १२:१०

मेसेज करताय हे फार चांगलं केलंत.

Art Silk शीर्षकात नको असं माझं मत. खोटं नाहीये ते, पण त्यात सिल्क शब्द आहे, सिल्क साडी शोधणाऱ्याला परत हीच दिसणार आणि Art हा शब्द वाचताना कोणी थांबत नाही, काहींना तर ते कलाकुसरीचं आर्ट वाटतं. शीर्षकात अंगाचं कापड, म्हणजे Cotton. काठ-पदराचं सूत खालच्या पहिल्याच मुद्द्यात स्पष्ट, व्हिस्कोस या नावाने. अंगावर येणारं कापड अंगाचं असतं, गरम होईल की नाही, धुवायचं कसं, हे सगळं त्यावर ठरतं.

शॉपकीपर_रोहन · बुधवार, दुपारी १२:३५

पण मग सिल्क शब्द गेला की भाव पडणार, लोक म्हणतील कॉटनची साडी एवढ्याला का.

विणकराची_लेक · बुधवार, दुपारी १:२०

त्याचं उत्तर हातमाग या शब्दात आहे, आणि तो शब्द दाखवता येतो. म्हणूनच तो पहिल्या दोनांत हवा.

इरकलीचा पदर बघा. अंगाचे उभे धागे हिरवे आहेत आणि पदराचे उभे धागे लाल. म्हणजे उभे धागेच मधे बदललेत. पदराचा ताणा वेगळा तयार करतात आणि अंगाच्या ताण्याला एकेक फास घालून जोडतात, याला टोपतेनी म्हणतात. हे जोडकाम प्रत्येक साडीला नव्याने करावं लागतं, त्यामुळे एकाच लांब ताण्यावर ओळीने साड्या काढत सुटता येत नाही. यंत्रमागावर इरकलीची नक्कल करतात तेव्हा उभे धागे अंगाचेच पुढे पदरात जातात आणि फक्त आडवा धागा लाल घालतात. मग पदर लाल दिसला तरी त्यात हिरवी झाक राहते आणि दशा हिरव्या निघतात. ताई, तुमच्या दशा लाल आहेत ना? तुम्ही जाळल्यात त्या?

मधुरा_वस्त्र · बुधवार, दुपारी १:४५

हो, पूर्ण लाल. आणि जोडाच्या जागी बारीक दातेरी रेघ आहे, मला इतके दिवस तो दोष वाटत होता, एका गिऱ्हाइकाने पण लिहिलं होतं की पदर जोडलेला आहे!

विणकराची_लेक · बुधवार, दुपारी २:०५

तीच टोपतेनी. त्या रेघेचा जवळून फोटो टाका, दुसऱ्या नंबरवर, आणि दशांचा तिसरा. हातमाग शब्द शीर्षकात लिहिणारे खूप आहेत, फोटोत दाखवणारे कमी. आणि शीर्षकात Tope Teni Pallu घालाच. साडीची खरी ओळख तीच आहे.

कॅटलॉग_काका · बुधवार, संध्याकाळी ६:५०

सगळं मान्य, फक्त टोपतेनी शीर्षकात घालण्याबद्दल माझं वेगळं मत आहे. ज्याला माहीत आहे तो फोटोवरून ओळखेल, ज्याला माहीत नाही तो हे शब्द शोधणार नाही आणि वाचून त्याला काही कळणारही नाही. पंधरा-सोळा अक्षरं जातात त्यात. माझं शीर्षक असं:

```
Irkal Handloom Cotton Saree, Bottle Green, Festive, with Blouse Piece
```

वाचून बघा. पहिल्या २७ अक्षरांत नाव, माग, कापड आणि वस्तू. ४१ पर्यंत रंग आला. मोबाइलवर कुठेही कापलं गेलं तरी जे राहतं ते पूर्ण आणि खरं आहे. प्रसंग कापला गेला तर नुकसान नाही. Blouse च्या पुढे Piece आलं, अनघाताईंच्या बहिणीसाठी. आणि Irkal च्या आधी तुमचं दुकानाचं नाव घालायची सक्ती त्या मार्केटप्लेसवर असेल तर नाव घाला, पण मग साठ अक्षरांचं गणित परत करा.

अमेझॉनवर जानेवारी २०२५ पासून बहुतेक कॅटेगरींना शीर्षकाची मर्यादा २०० अक्षरांची आहे आणि तोच शब्द दोनदापेक्षा जास्त चालत नाही, उद्गारचिन्ह वगैरेही नाही. अनेक जण २०० आहेत म्हणून २०० भरतात. कपड्यांच्या कॅटेगरीची स्वतःची स्टाइल गाइड असते ती आधी बघा, आणि मी तरी ८०च्या पुढे जात नाही.

धागादोरा · बुधवार, संध्याकाळी ७:१५

Irkal की Ilkal? गाव इळकल आहे, जीआयची नोंदही Ilkal या स्पेलिंगनेच आहे.

कॅटलॉग_काका · बुधवार, संध्याकाळी ७:४०

महाराष्ट्रातलं गिऱ्हाईक Irkal टाइप करतं, बाकीचे Ilkal. ऑर्डर कुठून येतात ते बघा आणि जे जास्त ते शीर्षकात, दुसरं मागच्या सर्च टर्मच्या रकान्यात, जो गिऱ्हाइकाला दिसत नाही. दोन्ही शीर्षकात घातलं तर पहिल्या ओळीतली सहा अक्षरं एकाच अर्थासाठी जातात.

विणकराची_लेक · बुधवार, रात्री ८:०५

इथे मी काकांच्या विरुद्ध. जीआयचं नाव Ilkal आहे, गाव तेच आहे, विणणारी माणसं तिथलीच आहेत. मी असते तर Ilkal शीर्षकात आणि Irkal मागे.

मधुरा_वस्त्र · बुधवार, रात्री ८:३०

१९ पैकी १४ ऑर्डर महाराष्ट्रातल्या आहेत. मी सध्या Irkal ठेवते आणि खालच्या पहिल्या वाक्यात इळकल गावाचं नाव लिहिते. बाहेरच्या ऑर्डर वाढल्या तर परत विचार करीन.

संक्रांतीवाली · गुरुवार, सकाळी १०:२०

प्रसंग शेवटी हे मला सरसकट पटत नाही. मी चंद्रकळा विकते, काळी, लाल काठाची. डिसेंबरच्या शेवटी मी शीर्षकात साडीच्या लगेच पुढे Sankranti घालते आणि तेवढे तीन आठवडे माझा वर्षभराचा माल जातो. लोक तेव्हा खरंच संक्रांत साडी असंच शोधतात.

कॅटलॉग_काका · गुरुवार, सकाळी ११:००

चंद्रकळेचं मान्य, तिथे काळा रंग हाच प्रसंग आहे, वर्षातून एकदाच एवढी मागणी. पण संक्रांत झाल्यावर काढता का ते शीर्षकातून? मार्चमध्ये Sankranti वाचणाऱ्याला ती शिळी वाटते. आणि अंगभर हिरवी साडी Wedding, Festive, Party, Office सगळीकडे चालते असं चार शब्दांत लिहिणारे मी रोज बघतो, चार प्रसंग लिहिले की वाचणारा एकही धरत नाही. एक लिहा, जो खरा आहे तो.

संक्रांतीवाली · गुरुवार, सकाळी ११:२५

सोळा जानेवारीला काढते, कॅलेंडरमध्ये लावून ठेवलंय. पण शीर्षक बदललं की दोन-तीन दिवस साडी सर्चमध्ये खाली जाते असं मला वाटतं, तुमचा अनुभव काय?

शॉपकीपर_रोहन · गुरुवार, दुपारी १:१०

माझं पण तसं झालं, काल माहेश्वरीचं बदललं आणि आज व्ह्यूज कमी आहेत. पण एका दिवसावरून काही सांगता येत नाही.

कॅटलॉग_काका · गुरुवार, दुपारी २:३०

काही वेळा झालंय, काही वेळा नाही झालं, मी ठामपणे सांगू शकत नाही. एवढं करा की एका वेळी एकच गोष्ट बदला आणि निदान पंधरा दिवस हात लावू नका. मधुराताईंना मात्र थांबून चालणार नाही, चुकीचं कापड लिहिलेलं आहे ते आजच गेलं पाहिजे, व्ह्यूज काय व्हायचे ते होवोत.

मधुरा_वस्त्र · गुरुवार, रात्री ९:५०

हिरवीचं आज सकाळीच बदललं, काकांनी दिलेलं जसंच्या तसं घातलं, मटेरियलच्या रकान्यात आधी सिल्क ब्लेंड निवडलेलं होतं तेही कॉटन केलं, म्हणजे फिल्टरमधूनही चुकीच्या लोकांना दिसत होती ती. टोपतेनीचा फोटो दुसरा लावला.

डाळिंबी साडी त्याच विणकर काकांची आणि तेच सूत, ती नव्याने टाकतेय, तिला लेकताईंचं ऐकून टोपतेनी घातलंय:

```
Irkal Handloom Cotton Saree, Maroon Red, Tope Teni Pallu, Festive, Blouse Piece
```

दोन्ही पंधरा दिवस अशाच ठेवणार आणि मग किती बघितल्या गेल्या, किती गेल्या आणि किती परत आल्या ते इथे टाकते. रंग वेगळे आहेत त्यामुळे तुलना पूर्ण बरोबर होणार नाही हे कळतंय मला, पण एकाच रंगाच्या दोन लिस्टिंग करता येत नाहीत.

बारापैकी दहा जणींचे मेसेज आले. आठ जणींनी साडी ठेवली. दोघींनी परत करायचं म्हटलंय.

नऊवारी_प्रेमी काकू, विणकर काका नऊवारी करून देतात, पदर रेशमाचा हवा की चमक्याचा ते तुम्ही सांगा, तुमच्या साडीचा ताणा ते वेगळा लावतील.

नऊवारी_प्रेमी · गुरुवार, रात्री १०:१५

रेशमाचा गं बाई. आणि हिरवीच. आल्यावर दशेचा एक धागा जाळून बघीन हो मी, रागावू नकोस.